केसांत डास चावत नाही

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला. "डॉक्टर, हिला कांजिण्या येऊन गेल्यात, पण अगदी थोड्या. मग आता लस द्यायची का? आणि द्यायची तर एक डोस की दोन?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुकरच्या शिट्टीत पुढचं ऐकायचं राहून गेलं तरी हरकत नाही. त्या खरोखर कांजिण्याच होत्या हे नक्की असेल, तर लस नको. मग पुटकुळ्या पाच असोत की पाचशे. नक्की नसेल, तर लस द्यायची आणि दोन्ही डोस द्यायचे. परत सांगतो. नक्की असेल तर नको, नक्की नसेल तर दोन.

आता सगळी मेख त्या 'नक्की'त आहे. त्यावरून मला एक आजी आठवतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. आजी थोरल्या मुलाच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी सहा वर्षांची, अंगावर मोजून सात पुटकुळ्या. पाठीवर चार, पोटावर दोन आणि एक थेट केसांत. ताप नाही, खाणंपिणं व्यवस्थित, आणि दोन दिवस शाळेतही जाऊन आलेली, कारण शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मिळवायचं होतं. (हे हजेरीचं बक्षीस एकदा बंद करा बुवा. आजारी पोर घरी राहिलं तर त्याचं नुकसान, आणि शाळेत आलं तर अख्ख्या वर्गाचं! हे मी पालकसभेतही बोललोय, तिथे कुणी ऐकलं नाही, म्हणून इथे बोलतो.)

मी पुटकुळ्या पाहिल्या आणि म्हणालो, "डास चावलेत, आजी. कॅलामाइन लावा." आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, केसांत डास चावत नाही. या कांजिण्या आहेत." मी हसलो. हसायला नको होतं.

बरोबर पंधरा दिवसांनी आजी पुन्हा हजर. या वेळी धाकट्या मुलाचा तीन वर्षांचा पोरगा कडेवर, अंगात ताप. शर्ट वर केला तर पोट, पाठ, मान, डोकं, सगळं भरलेलं. काही ठिकाणी नुसते लाल ठिपके, काही ठिकाणी पाण्याने टचटचलेले फोड, काहींवर खपली धरायला लागलेली. कांजिण्यांची हीच खूण. गुच्छागुच्छाने येतात, त्यामुळे कच्च्या, पिकलेल्या आणि सुकलेल्या एकाच वेळी एकाच अंगावर दिसतात. दोनशेपर्यंत मोजल्या आणि मी मोजणं सोडलं. आजी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यंदा डास फार झालेत हो, डॉक्टर."

या पंधरा दिवसांतच उत्तर आहे. कांजिण्यांचा विषाणू अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात, बहुतेकदा दोन आठवडे. म्हणजे पोराला दिल्या त्या बहिणीनेच. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत त्या पसरतात, आणि एका घरात राहणाऱ्या, लस न घेतलेल्या भावंडाला त्या क्वचितच सोडतात. तेव्हा बहिणीच्या त्या सात पुटकुळ्या कांजिण्याच होत्या हे आता नक्की झालं. तिला लस नको. मी तिच्या कार्डावर तारखेसह तसं लिहून सही केली. तुम्हीही लिहून घ्या. दहा वर्षांनी "बहुतेक आल्या होत्या" याला काही अर्थ नसतो.

गोष्ट इथे संपली असती, पण आजी आता जाणकार झाल्या होत्या. जूनमध्ये त्यांची लेक बदली होऊन गावात आली. तिच्या चार वर्षांच्या मुलाला ऑगस्टमध्ये दुसऱ्याच कामासाठी माझ्याकडे आणलं. लस घ्यायची राहिली होती, म्हणून मी विषय काढला, तर आजी म्हणाल्या, "याला नको. जुलैत येऊन गेल्या. मी स्वतः पाह्यल्यात." लेकीच्या मोबाईलमध्ये फोटो होता. पुरळ तळहातावर, तळपायावर, ओठांभोवती, थोडं ढुंगणावर. पोट आणि पाठ स्वच्छ. मी विचारलं, "तोंड आलं होतं?" "आलं होतं ना! दहीभातसुद्धा गिळवेना." हा झाला हात-पाय-तोंडाचा आजार. पावसाळ्यात बालवाडीत त्याची लाटच येते आणि घरोघरी त्याला कांजिण्या म्हणतात. मात्र त्याचा विषाणू वेगळा, त्याने कांजिण्यांपासून संरक्षण मिळत नाही.

म्हणून त्या मुलाला दोन्ही डोस. आजी म्हणाल्या, "आणि येऊन गेल्या असल्या तर?" तरी काही बिघडत नाही. लसीतला विषाणू जिवंत असला तरी कमजोर केलेला असतो, आणि आधीच तयार असलेलं शरीर त्याला लगेच आवरतं. रक्ताची अँटिबॉडी तपासणी करता येते, पण लहान पोराला एक सुई तपासणीसाठी टोचायची आणि उत्तर 'नाही' आलं की परत लसीसाठी टोचायची, त्यापेक्षा लस सरळ.

आता डोसांचं. पहिला पंधराव्या महिन्यात, दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेला तेवढा द्यायचा. तेरा वर्षांपुढच्या मुलांना दोन्ही डोसांत चार आठवड्यांचं अंतर पुरतं. दोन का? अमेरिकेत १९९५ साली एकाच डोसाने सुरुवात झाली, तरी लस घेतलेल्या शाळकरी मुलांत साथी येतच राहिल्या, म्हणून २००६ मध्ये दुसरा आला. आपल्याकडे ही लस सरकारी मोफत यादीत नाही, पदरचे पैसे घालावे लागतात. म्हणूनच एकावर भागवायचा मोह होतो. मूल स्टिरॉइडवर किंवा केमोवर असेल तर मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि गरोदरपणात तर नाहीच.

दोन अडचणीच्या जागा राहिल्या. एक, वर्षाच्या आत आलेल्या कांजिण्या. आईकडून मिळालेलं संरक्षण अंगात असतं, त्यामुळे त्या सौम्य येतात, पण बाळाची स्वतःची प्रतिकारशक्तीही कधी कधी कच्ची राहते. अशा मुलांना मी वर्षानंतर लस देतोच. दुसरी, एक डोस झाल्यावर आलेल्या कांजिण्या. बहुधा पन्नासच्या आत, फोड कमी, ठिपकेच जास्त. त्या कांजिण्याच होत्या हे पक्कं ठरलं तर दुसरा डोस नको, शंका असेल तर द्यायचा.

आणि हो, कडुलिंबाचा पाला अंथरुणावर ठेवा, माझी हरकत नाही. पण आंघोळ बंद करू नका, नखं कापा, आणि ॲस्पिरिन देऊ नका.

डिसेंबरात आजी नातवाचा दुसरा डोस द्यायला आल्या. हातात तिन्ही नातवंडांची कार्डं होती. मी सही करायला म्हणून नातीचं उलटलं, तर मागे आजींच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'मार्च. सात पुटकुळ्या. डॉक्टर म्हणाले, डास.'