नमस्काराला उत्तर देताना नाव एकदाच
(महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात स्वागत आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या आधीच्या महिन्यात मंडळाकडे सर्वाधिक पत्रे आणि फोन येतात ते नव्याने आलेल्या माणसांचे. त्यांच्या पहिल्या नमस्काराला आपण जे उत्तर देतो, त्यात त्यांचे नाव कसे, कुठे आणि किती वेळा घ्यायचे, एवढाच आजचा विषय आहे.

नाव घेण्याला मराठीत वजन आहे. ‘नाव घे’ म्हटले की आपल्याला उखाणा आठवतो, कारण नवऱ्याचे नाव एरवी तोंडात यायचे नाही. ते यमकात गुंफून, चार माणसांत, एकदाच घ्यायचे. वडीलधाऱ्यांना आपण नावाने नाही, नात्याने हाक मारतो. जुन्या पत्रांचा मायना पाहा. ‘श्री. गोविंदराव यांस, सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ असे एकदा लिहिले की पुढे पानभर मजकूर असला तरी गोविंदरावांचे नाव पुन्हा येत नसे. पुढचा सगळा आदर क्रियापद वाहून नेत असे. ‘कधी येता’, ‘कळवावे’, ‘मुलांना घेऊन या’ यांत नाव नाही, कित्येकदा ‘तुम्ही’सुद्धा नाही, तरी कोणाशी आणि कोणत्या आदराने बोलतो आहोत हे स्पष्ट आहे. विक्रीच्या प्रशिक्षणात इंग्रजीतून शिकवतात की बोलताना गिऱ्हाइकाचे नाव पुन्हा पुन्हा घ्या. ती सवय मराठी वाक्यात आणली की लगेच खुपते, कारण क्रियापदाने आधीच केलेले काम नाव दुसऱ्यांदा करू लागते. ऐकणाऱ्याला मग वाटते की समोरचा कागद पाहून बोलतो आहे.

एक पत्र घेऊ. नाव केवळ उदाहरणासाठी आहे.

‘नमस्कार, आम्ही दोन महिन्यांपूर्वी इथे राहायला आलो. गणपतीला मंडळात यायची इच्छा आहे. त्यासाठी सभासद असावे लागते का? – Anagha Mule’

या पत्राला घाईत असे उत्तर जाऊ शकते:

‘प्रिय सौ. अनघाजी मुले, नमस्कार अनघाजी! आपण मंडळाशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद. अनघाजी, मंडळाच्या परिवारात आपले मनःपूर्वक स्वागत आहे. सभासदत्वाचा फॉर्म सोबत जोडला आहे. – कार्यकारिणी’

यातली पहिली चूक आडनावाची. रोमन लिपीत ळ आणि ल सारखेच दिसतात, ण आणि न, ट आणि त, ड आणि द हेही तसेच. फोनच्या कीबोर्डवर mule असे टंकले की पहिला पर्याय ‘मुले’ येऊ शकतो आणि बाई ‘मुळे’ असतात. Kale हे काळे असते, Date हे दाते असते. म्हणून आडनाव देवनागरीत लिहायची खात्री नसेल तर ते लिहूच नये. पहिल्या उत्तरात त्याची गरजही नसते. स्वतःचे नाव त्यांनी देवनागरीत लिहिले असेल तर ते अक्षरशः तसेच उचलावे, ऱ्हस्व-दीर्घासकट. ‘निलिमा’ लिहिणाऱ्या बाईंना ‘नीलिमा’ असे सुधारून पाठवू नये.

दुसरी चूक ‘सौ.’ची. या एका अक्षरात त्या विवाहित आहेत आणि पती हयात आहेत असे आपण ठरवून टाकतो. ‘आम्ही आलो’ एवढ्यावरून ते कळत नाही. ‘श्रीमती’ लिहून सुटका होईल असे वाटते, पण सरकारी कागदांत ते सर्व स्त्रियांसाठी चालत असले तरी घरगुती मराठीत अनेकांच्या कानाला ते अजूनही पती हयात नसलेल्या स्त्रीसाठीचे वाटते. नमस्काराच्या उत्तरात दोन्ही टाळता येतात, तर टाळावेत.

‘जी’ व्यासपीठावरून शोभतो. एकट्या माणसाला लिहिलेल्या चार ओळींत तो आला की निवेदक नाव पुकारतो आहे असे वाटते. इथे तो तीनदा आला, शिवाय ‘प्रिय’ही आले. ज्या बाईंना आपण पाहिलेले नाही त्यांना ‘प्रिय’ म्हणणे ही इंग्रजी पत्राची लकब आहे, मराठीत तो शब्द खरोखर जवळिकीचा आहे. त्यामुळे पत्र एकाच वेळी फार औपचारिकही झाले आणि फार सलगीचेही. आणि नाव तीनदा येऊनही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर कुठेच आलेले नाही. पत्र साच्यातले आहे हे कळते ते नेमके इथे.

आता हेच पत्र असे लिहू:

‘नमस्कार अनघाताई,
गणपतीला नक्की या. त्यासाठी सभासद असायची गरज नाही. जेवणाचा अंदाज यावा म्हणून किती जण येणार, तेवढे आठवडाभर आधी कळवा. सभासद व्हायचे असेल तर फॉर्म सोबत जोडला आहे, पण त्याची घाई नाही.’

खाली लिहिणाऱ्याचे स्वतःचे पूर्ण नाव आणि फोन नंबर. ही सही महत्त्वाची आहे. आपण त्यांना नावाने बोलवायचे आणि स्वतः ‘कार्यकारिणी’ या पडद्यामागे राहायचे, हे बरोबरीचे होत नाही. त्यांचे नाव घेतले तर आपलेही द्यावे.

नाव ‘नमस्कार’च्या नंतर ठेवले आहे, तेही विचारपूर्वक. मराठीत वाक्याच्या सुरुवातीला आलेले नाव ही हाक असते. ‘अनघाताई, नमस्कार’ म्हटले की लक्ष वेधून घेतल्यासारखे होते. उत्तर देताना लक्ष वेधायचे नसते, कारण त्या आधीच आपल्याशी बोलत आहेत. नमस्कार आधी, नाव लगेच मागे, दोहोंच्या मध्ये स्वल्पविराम नको आणि उद्गारचिन्ह तर नकोच. व्हॉट्सॲपच्या गटात मात्र क्रम उलटतो. तिथे पन्नास माणसे असतात, कोणाला उत्तर देतो ते आधी सांगावे लागते. पण `@` लावून नाव निवडले असेल तर तेच नाव घेणे झाले. त्याच्यापुढे फक्त ‘नमस्कार, या नक्की’ एवढे पुरते.

‘ताई’ हे बहुतेक ठिकाणी सुरक्षित आहे. ‘काकू’ आणि ‘वहिनी’ नाही. पंचविशीतल्या कार्यकर्त्याने चाळिशीतल्या बाईंना ‘काकू’ लिहिले तर वय मोजल्यासारखे होते, आणि ‘वहिनी’ म्हटले की त्यांना कोणाच्या तरी पत्नी म्हणूनच ओळखल्यासारखे होते. पुरुषांसाठी मात्र ‘ताई’च्या तोडीचा, सगळीकडे चालणारा शब्द आपल्याकडे नाही. ‘राव’ तिशीतल्या माणसाला लावला की जावयाशी बोलल्यासारखे वाटते. ‘दादा’ जवळचा आहे. ‘भाऊ’ विदर्भात आणि खानदेशात सहज येतो, गोव्याच्या माणसाला ‘बाब’ ओळखीचे वाटेल, पण आपली बोली ती नसेल तर उसना प्रत्यय लावू नये. समवयस्क असावेत असा अंदाज असेल तर ‘नमस्कार नितीन,’ लिहून पुढे सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवावे. ज्येष्ठ आहेत हे पत्रावरून कळत असेल तर ‘नमस्कार देशपांडेसाहेब’ किंवा ‘देशपांडेकाका’ यांत अडकण्यापेक्षा नुसते ‘सप्रेम नमस्कार’ लिहावे आणि नाव घेऊच नये. पूर्ण नाव, म्हणजे ‘नमस्कार नितीन देशपांडे,’ हे तेवढे टाळा. तो हजेरीपट होतो.

नाव आणि क्रियापद मात्र एकाच पातळीवर हवेत. ‘अनघाताई’ म्हणून पुढे ‘कळव’ लिहिले किंवा ‘नितीन’ म्हणून पुढे ‘आपण कळवावे ही विनंती’ लिहिले, की दोन माणसांनी मिळून एक पत्र लिहिल्यासारखे दिसते. त्याच दिवशी त्यांचे दुसरे पत्र आले तर त्याच्या उत्तरात नाव नको, नमस्कारही नको. सरळ उत्तराने सुरुवात करा.

आता स्वागताचे टेबल. इथे सर्वांत मोठा घोटाळा छातीवरच्या नावाच्या पट्टीमुळे होतो. माणसाने तोंड उघडण्याआधीच पट्टी वाचून ‘नमस्कार अनघाताई’ म्हटले तर त्या क्षणभर गोंधळतात आणि आपण कुठे भेटलो होतो ते आठवू लागतात. नाव त्यांनी सांगितल्यावर घ्यावे, आणि सांगितल्यावर लगेच, त्याच श्वासात. ‘मी अनघा मुळे.’ ‘नमस्कार अनघाताई, या.’ या वेळी नजर त्यांच्या चेहऱ्यावर हवी, यादीवर नको. यादीत खूण करायची ती ‘या’ म्हणून झाल्यावर. नावावर जोर देऊ नये. जोर ‘या’ वर पडला की नाव आपोआप हलके होते. नीट ऐकू आले नाही तर अंदाजाने घेऊ नका, ‘नाव परत सांगाल?’ असे तिथेच विचारा. पाच मिनिटांनी विचारणे जड जाते. जोडपे आले आणि एकानेच नाव सांगितले, तर दुसऱ्याचे विचारून घ्या किंवा कोणाचेच घेऊ नका. एकाला नाव आणि दुसऱ्याला नुसती मान, हे दिसते. इथे वाढलेली मुले आपले नाव जसे उच्चारतात तसेच आपण उच्चारावे, मराठी वळणाने दुरुस्त करू नये.

शेवटी एकगठ्ठा पत्रांचे. आपल्या यादीत ‘पहिले नाव’ असा रकाना आहे. त्यात काहींनी सगळी मोठी अक्षरे लिहिली आहेत, काहींनी पती-पत्नीची नावे एकत्र, काहींनी वडिलांचे नाव जोडून. तेच उचलून पत्रात घातले तर ‘नमस्कार SUNIL VASANT,’ असे जाते, आणि रकाना रिकामा असेल तर नमस्कारापुढे मोकळी जागा आणि लोंबकळणारा स्वल्पविराम. म्हणून सभासदत्वाच्या फॉर्मवर वेगळा प्रश्न ठेवू या: ‘पत्रात तुम्हाला काय म्हणावे?’ उत्तर ऐच्छिक. त्याचा वेगळा रकाना, समजा C, आणि पत्राची पहिली ओळ अशी तयार करायची:

```
=IF(TRIM(C2)="","नमस्कार,","नमस्कार "&TRIM(C2)&",")
```

ज्यांनी लिहिले त्यांना त्यांच्याच शब्दांत, आणि ज्यांनी लिहिले नाही त्यांना नावाविना नमस्कार. जुन्या सभासदांचा रकाना अंदाजाने भरू नका, तो रिकामाच राहू द्या.

आणि नाव चुकलेच तर? ‘अनघाताई’ऐवजी ‘अनुजाताई’ गेले आणि त्यांनी ते कळवले, तर दुसऱ्यांदा नाव घ्यायची ही एक वेळ आहे. ‘चूक झाली अनघाताई, यादीतही दुरुस्त केले आहे.’ आणि हे लिहिण्याआधी यादी खरोखर दुरुस्त करा.