एनसीचा कागद हातात आला, पुढे काय?

[दृश्य : पोलीस ठाण्याचा व्हरांडा. बाकावर एक शेतकरी, हातात घडी केलेला कागद.]

समजा, बांधावरून भांडण झालं. शेजाऱ्यानं शिव्या दिल्या, कानाखाली मारली, बोट पिरगाळलं. शेतकरी ठाण्यात गेला. अंमलदारानं हकिकत लिहून घेतली आणि एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत दिली. आता पोलीस बघून घेतील, असं समजून तो घरी गेला.

पण एनसी म्हणजे एफआयआर नव्हे. साधी मारहाण आणि शिवीगाळ हे अदखलपात्र गुन्हे आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 174 सांगतं, की नोंद करून तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं, हे ठाण्यात नीट समजावून सांगितलं गेलं, तर कितीतरी हेलपाटे वाचतील.

[दृश्य : एक्स-रे प्रकाशासमोर धरलेला.]

तिसऱ्या दिवशी बोट सुजलं. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं, आणि प्रकरणच बदललं. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र गुन्हा. आता कलम 173 खाली एफआयआर नोंदवावाच लागतो. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली हेच बजावलं. प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालानं पाठवायचा. पोचपावती जपून ठेवायची. तरीही काही झालं नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. पोलिसांचं म्हणणं विचारात घेऊन ते कलम 175(3) खाली तपासाचा आदेश देऊ शकतात. या अर्जालाही लोक खाजगी फिर्याद म्हणतात, पण यात तपास पोलिसच करतात.

[दृश्य : तालुक्याचं न्यायालय, पायऱ्यांवर वकील आणि पक्षकार.]

आणि हाड मोडलंच नसतं तर? मग खरी खाजगी फिर्याद, म्हणजे थेट न्यायालयात केलेली तक्रार, कलम 223. न्यायाधीश फिर्यादीला आणि हजर साक्षीदारांना शपथेवर विचारतात. 1 जुलै 2024 पासूनच्या कायद्यानुसार, दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. दवाखान्याचा दाखला, भांडण पाहिलेला शेजारी, हे सगळं फिर्यादीनंच उभं करायचं. मारणारा कोण ते माहीत आहे आणि पुरावा हाताशी आहे, तिथे हा मार्ग चालतो. आरोपीच अनोळखी असेल, फोनचे तपशील काढायचे असतील, जप्ती करायची असेल, तर एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं ते काम आहे. तिथे पोलीस तपासच लागतो.

इथे एक गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. साध्या मारहाणीला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आहे, म्हणून फिर्याद दाखल करायची मुदतही एकच वर्ष. एनसी घेतल्यानं ती थांबत नाही. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायालय माफी देऊ शकतं, पण ते पटवून द्यावं लागतं.

[दृश्य : घडी उलगडलेला कागद.]

या कागदावर घटनेची तारीख आहे. वर्ष तिथून मोजायचं.