डिसेंबरची सावली मोजा, मग युनिटं

मंडळी, पुण्यात मेच्या १३-१४ तारखेच्या सुमाराला शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. नेमक्या याच दिवसांत, वीजबिल वाढलं की आपण सोलरवाल्याला गच्ची दाखवायला बोलावतो. तो वर येतो, टेप लावतो आणि सगळी गच्ची उन्हात आहे म्हणून सांगतो. त्याला दिसतं ते खरंच असतं, पण ते मे महिन्यापुरतं.

एक गच्ची घेऊ. पूर्व-पश्चिम १२ मीटर, दक्षिणोत्तर ९ मीटर, म्हणजे १०८ चौरस मीटर. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात तीन बाय तीनची जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची टाकी. दोन्ही मिळून उंची ४ मीटर. एका किलोवॉटला १० चौरस मीटर, हा बाजारातला ठोकताळा लावला तर इथे १० किलोवॉट बसतात.

आता २१ डिसेंबरला याच गच्चीवर या. पुण्यात त्या दिवशी सूर्य माध्यान्हीलासुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. आपल्या घड्याळात ही माध्यान्ह साडेबाराला होते, कारण भारताची प्रमाणवेळ आपल्या पूर्वेच्या रेखांशावरची आहे. तिच्या तीन तास आधी आणि तीन तास नंतर, म्हणजे साडेनऊ ते साडेतीन, हा कामाचा काळ. साडेतीनला आपल्या टाकीची सावली पूर्वेकडे ५.३ मीटर आणि उत्तरेकडे ४.८ मीटर सरकलेली असते. लक्षात ठेवायला सोपं करायचं तर अडथळ्याच्या उंचीच्या सव्वापट जागा उत्तरेला आणि त्याहून थोडी जास्त पूर्व-पश्चिमेला सोडायची. खडू घेऊन दर तासाला सावलीची कड आखलीत, तर गणिताचीही गरज नाही.

या गच्चीवर खोली आणि तिची सावली मिळून सुमारे ५० चौरस मीटर जातात. उरलेल्यातही पूर्वेकडची ३.७ बाय ९ मीटरची पट्टी तेवढी सलग आहे. स्टँड कठड्याच्या उंचीइतका घेतला की कठड्याची सावली आड येत नाही. साडेपाचशे वॉटचं पॅनेल साधारण २.३ बाय १.१ मीटरचं असतं. एका रांगेत तीन, अशा तीन रांगा, मधे पाऊण मीटर अंतर. नऊ पॅनेल, म्हणजे जवळपास ५ किलोवॉट. हीच खोली वायव्येच्या कोपऱ्यात असती तर हिवाळ्यातली बहुतेक सावली गच्चीबाहेर उत्तरेला पडली असती. घर अजून नकाशावर असेल तर टाकीची जागा तेव्हाच ठरवा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आता ऊन. पुण्यात वर्षभराची सरासरी धरली तर एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण साडेपाच युनिट ऊन पडतं. पॅनेलवर छापलेला आकडा चौरस मीटरला हजार वॉट उन्हाचा आहे, म्हणून हे साडेपाच तास पूर्ण उन्हाचे समजायचे. वर्षाचे झाले सुमारे २०००. पण तो आकडा २५ अंश तापमानाचाही आहे, आणि तापलेल्या गच्चीवर पॅनेल ५५-६० अंशांवर जातं. २५ च्या वरच्या दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे तापमानातच दहा ते चौदा टक्के गेले. धूळ, वायर आणि इन्व्हर्टर धरून मी एकूण पाऊणपट घेतो. एका किलोवॉटला वर्षाला १५०० युनिट, आपल्या ४.९५ किलोवॉटला सुमारे ७४००. मेमध्ये टेप लावणाऱ्याच्या हिशेबात हाच आकडा १५,००० होता.

हे ७४०० बाराने भागून दरमहाची अपेक्षा धरू नका. उन्हाळ्यात किलोवॉटमागे दिवसाला पाचच्या आसपास युनिट येतात, जुलैत तीनच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र आणि पॅनेल थंड, म्हणून हे महिने चांगले असतात. आणि टाकीची सावली सर्वांत लांब असते ती याच महिन्यांत.

सावली थोडीशीच आहे, चालेल, असं पुष्कळ जण म्हणतात. पॅनेलमधल्या पेशी एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. एका पेशीवर डिश अँटेनाची सावली पडली की बायपास डायोड तिच्यासकट पॅनेलचा साधारण तिसरा हिस्सा बाजूला काढतो. तळहाताएवढ्या सावलीला तिसऱ्या हिश्श्याची वीज, असा हा सौदा आहे.

बसवून झाल्यावर मोबाइलवर इन्व्हर्टरचा दिवसभराचा आलेख पाहा. निरभ्र दिवशी तो घुमटासारखा गुळगुळीत हवा. ढगांनी पडलेले खड्डे वेडेवाकडे असतात, रोज वेगळ्या वेळी. धुळीने सगळा घुमटच खाली बसतो आणि पॅनेल धुतल्यावर पुन्हा वर येतो. पण रोज एकाच सुमाराला, समजा तीन वाजता, खाच पडत असेल तर त्या वेळी गच्चीवर जा. सावली कुठून येते ते तिथे उभं राहूनच दिसेल. बऱ्याचदा ती शेजारच्या नारळाची असते, मोजमाप झालं तेव्हा कठड्याखाली असलेल्या.