भागाकार निम्मा करायचा, बाकी का नाही?

संश्लेषक भागाकार पद्धत x − a अशा भाजकासाठी बनलेली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज भाजक 2x − 3 घेऊ. भाज्य बहुपदी आहे 4x³ − 8x² + 9x − 5.

2x − 3 शून्य कधी होतं? x = 3/2 असताना. म्हणून डावीकडे 3/2 लिहायचे आणि नेहमीसारखं चालायचं. चार जसेच्या तसे खाली उतरवले. चार गुणिले 3/2 म्हणजे सहा, ते −8 मध्ये मिळवले की −2. पुढेही तसंच.

```
3/2 |  4   −8    9   −5
    |       6   −3    9
    -------------------
       4   −2    6 |  4
```

आता घाई करू नका. खालच्या ओळीतून मिळालेला 4x² − 2x + 6 हा भागाकार 2x − 3 चा नाही, तो x − 3/2 चा आहे. आपण प्रत्यक्षात एवढंच सिद्ध केलंय:

4x³ − 8x² + 9x − 5 = (x − 3/2)(4x² − 2x + 6) + 4

आपल्याला पहिल्या कंसात 2x − 3 हवा, म्हणून त्याला दोनने गुणू. गुणाकार बदलू नये यासाठी दुसऱ्या कंसाला दोनने भागावं लागेल. तो होतो 2x² − x + 3. ही सगळी देवघेव दोन कंसांमध्येच झाली. चार त्या गुणाकाराच्या बाहेर, बेरजेत उभा आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. म्हणून बाकी चारच.

बहुतेकांची चूक इथेच होते. खालची ओळ एकाच रांगेत दिसते, म्हणून शेवटच्या चारलाही दोनने भागलं जातं. ही चूक पकडायला x = 1 ठेवून पाहा. मूळ बहुपदीची किंमत 4 − 8 + 9 − 5, म्हणजे शून्य. उजवीकडे (−1)(4) + 4, तेही शून्य. बाकी दोन धरली असती तर −2 आलं असतं.

काही जण सुरुवातीलाच भाज्य आणि भाजक दोघांनाही दोनने भागून घेतात. चालेल, पण मग हिशोब उलटा होतो. खालची ओळ 2, −1, 3 आणि बाकी 2 अशी येते. इथे भागाकार तयारच मिळतो, पण बाकी निम्मी झालेली असते, तिला शेवटी दोनने गुणावं लागतं. या दोन रीती एकमेकींत मिसळल्या की घोटाळा होतो. एक धरा आणि शेवटपर्यंत तीच चालवा.

आणखी एक खूण सांगतो. सहगुणक सगळे पूर्णांक असतील आणि बाकी शून्य आली असेल, तर खालच्या ओळीतली भागाकाराची प्रत्येक संख्या दोनने निःशेष भागली गेलीच पाहिजे, कारण 2 आणि 3 यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. अपूर्णांक उरला, तर आकडेमोड पुन्हा तपासा. बाकी शून्य नसेल, तर मात्र ही खूण लावू नका: x² ला 2x − 3 ने भागलं की भागाकारात x/2 येतो, आणि तो बरोबर असतो.