किल्ली दारात आणि लघवी आवरेना: प्रत्येक घाई म्हणजे इन्फेक्शन नसतं

(दृश्य: सांगली, दुपारची वेळ. जिना, हातात दोन पिशव्या, दाराचं कुलूप.)

काकूंचं वय ५४. घरून पोळीभाजीचे डबे देतात, त्यामुळे दिवसातून तीनचार वेळा बाजार, गिरणी, डबे पोचवणं हे चालूच असतं. नाव त्यांनी सांगू नका म्हणून सांगितलंय. आता बघा, जिना चढेपर्यंत काही नाही, खाली गेटपाशी पण काही नाही, पण दारासमोर येऊन पर्समध्ये किल्ली शोधायला हात घातला रे घातला की अशी कळ येते की पाय तिथंच एकमेकांवर दाबून धरावे लागतात. कुलूप निघतं, पिशव्या दारातच टाकल्या जातात, आणि बाथरूमच्या कडीपर्यंत हात पोचायच्या आत थोडी होऊन जाते.

हे दीड वर्षं चाललंय.

(दृश्य: फाइल उघडते. रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या.)

ही त्यांची फाइल. दीड वर्षात तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झालाय. पहिल्या वेळचा रिपोर्ट जवळून बघूया. पस सेल्स तीन ते चार. लॅबने शेजारीच नॉर्मल किती ते छापलंय, शून्य ते पाच. म्हणजे रिपोर्ट चांगला आहे. तरी "थोडं इन्फेक्शन वाटतंय" म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तर लघवी तपासलीच नाही, तक्रार ऐकली आणि गोळ्या लिहिल्या. गोळ्या घेतल्या की चार दिवस जरा बरं वाटायचं, कारण हा त्रास मुळातच कमीजास्त होत राहतो, आणि मग काकूंना वाटायचं की इन्फेक्शन गेलं होतं, परत आलं. घरातल्यांचाही सल्ला एकच, उन्हाळी लागली असेल, सब्जाचं पाणी पी.

पण उन्हाळी लागल्यावर काय होतं ते काकूंना नीट माहितीये, त्यांना पूर्वी एकदा खरंखुरं इन्फेक्शन झालं होतं. तेव्हा लघवी करताना आग व्हायची, ओटीपोटात दुखायचं, लघवी गढूळ आणि वास मारणारी, आणि हे सगळं एकदोन दिवसात अचानक सुरू झालेलं. यावेळी आग नाही, दुखणं नाही, ताप नाही. फक्त घाई. आणि ती हळूहळू वाढत गेलेली, महिनोन्‌महिने. आम्हाला वाटतं निम्मं निदान इथंच होतं, कुणी हे सगळं शांतपणे विचारलं असतं तर.

(दृश्य: लॅब. निर्जंतुक डबी, वायरची बारीक कडी, काचेसारखी प्लेट.)

आता उरलेलं निम्मं. युरिन कल्चर म्हणजे नेमकं काय करतात हे आपल्याला सहसा बघायला मिळत नाही, म्हणून जरा सावकाश बघू. काकूंचा शेवटचा कोर्स संपून पंधरा दिवस झालेत, हे महत्त्वाचं, कारण गोळ्या चालू असताना सँपल दिलं तर जंतू असले तरी प्लेटवर उगवत नाहीत आणि रिपोर्ट फसवतो. आधी जागा साध्या पाण्यानं धुवायची, सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली धार डबीत घ्यायची. डबी लॅबमध्ये दोन तासांच्या आत पोचली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायची. उन्हात स्कूटरच्या डिकीत तीन तास राहिलेल्या डबीत मोजके जंतूसुद्धा वाढून लाखांवर जातात, आणि मग नसलेलं इन्फेक्शन कागदावर दिसतं.

टेक्निशियनच्या हातातली ही कडी बघा. तिच्यात लघवीचा एक मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो, जास्त नाही कमी नाही. ती प्लेटवर नागमोडी फिरवली, झाकण लावलं, आणि प्लेट ३५ ते ३७ डिग्रीला रात्रभर ठेवून दिली. जिथं जिथं जिवंत जंतू पडला तिथं सकाळी एक ठिपका दिसतो. शंभर ठिपके दिसले तर हजारानं गुणायचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू. लघवीला आग होत असेल तर यापेक्षा कमी आकडाही डॉक्टर गंभीरपणे घेतात, एक लाख ही काही दगडावरची रेघ नाही.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ. दोन प्लेट शेजारी शेजारी.)

डावीकडची प्लेट दुसऱ्या एका पेशंटची. हे पिवळे, चकचकीत, दाट ठिपके म्हणजे ई. कोलाय, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा हाच सापडतो. या प्लेटवरचा जंतू घेऊन उद्या कुठलं अँटिबायोटिक त्याच्यावर चालतं ते तपासतील. उजवीकडची प्लेट काकूंची. कोरी. काहीच उगवलेलं नाही.

(दृश्य: दवाखाना. डॉक्टर टेबलावर हातानं पिशवीचं चित्र काढतायत.)

मग घाई कशाची? लघवीच्या पिशवीला स्नायूची भिंत असते. पिशवी भरत असताना या स्नायूनं सैल पडून राहायचं आणि आपण बाथरूममध्ये बसलो की मग आवळायचं, असं ठरलेलं काम. दीडदोनशे मिलीला पहिली जाणीव होते, तीनचारशेपर्यंत माणूस निवांत धरून ठेवतो. काकूंच्या पिशवीचा स्नायू भरायच्या आधीच स्वतःहून आवळतो. यालाच ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. जंतू नाहीतच, त्यामुळे अँटिबायोटिकला मारायला तिथं कुणी नाही. आणि किल्लीचं काय? घर, दार, नळाचा आवाज, या गोष्टींची मेंदूला लघवीशी जोडून सवय लागलेली असते, त्या दिसल्या की कळ उसळते. शिंकताना, हसताना, वजन उचलताना थेंब जातो तो प्रकार वेगळा, त्यात कळ नसते, खालचे स्नायू सैल पडलेले असतात. काही बायकांना दोन्ही असतं.

(दृश्य: वही. निळ्या पेनानं आखलेले रकाने. शेजारी प्लास्टिकचं माप.)

डॉक्टरांनी काकूंना तीन दिवस ही वही लिहायला लावली. वेळ, किती मिली झाली, काय प्यायलं, घाई किती, गळली का, आग झाली का. मापाचं भांडं मेडिकलमध्ये मिळतं, नाही मिळालं तर मिलीच्या खुणा असलेला जुना मग चालतो. काकू म्हणाल्या "इश्श, मोजायचं कसलं", पण लिहिलं, आणि फार नीट लिहिलं. पहिल्या दिवसाचं पान बघा.

सकाळी ६ वाजता ३५० मिली. मग चहा. ६:५० ला ११०. ७:४० ला ९०. ८:३० ला बाहेर पडायच्या आधी "उगाच जाऊन येते" म्हणून ६०. ११ वाजता १००, दारात गळली. संध्याकाळी ६:३० ला १००, परत गळली. रात्री ३ ला उठून २००. चोवीस तासांत एकूण १५ वेळा आणि १८८० मिली.

आता हे वाचायचं कसं? एकूण लघवी दोन लिटरच्या आत आहे, म्हणजे साखर वाढलीये किंवा पाणी बेसुमार पितायत म्हणून जावं लागतंय असं नाही, साखर तशीही तपासलीये, नॉर्मल आहे. सकाळचे ३५० सांगतात की पिशवी लहान झालेली नाही, झोपेत ती आरामात भरते. आणि दिवसभराचे शंभर शंभर सांगतात की कळ भरल्यामुळे येत नाही, अर्ध्यावरच येते. नुसत्या वहीवरून मात्र इन्फेक्शन नाही असं म्हणता येत नाही, कारण इन्फेक्शनमध्येही माणूस थोडीथोडी, वारंवार जातो. वहीतला आगीचा रकाना तिन्ही दिवस रिकामा आणि प्लेट कोरी, या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तेव्हा चित्र पूर्ण झालं. लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते तेही सोनोग्राफीत बघून घेतलं, जवळपास काही उरत नव्हतं.

(दृश्य: काकू जिन्यात. दारासमोर थांबतात.)

आणि हा उपाय, कॅमेऱ्यासमोर. कळ आली की पळायचं नाही, इथंच सगळे चुकतात, पळताना पिशवीवर दाब येतो आणि नेमकी तेव्हाच होते. थांबायचं. खालची जागा, लघवी मधेच तोडताना जशी आवळतो तशी, पटपट पाचसहा वेळा आवळायची आणि सोडायची. लक्ष दुसरीकडं न्यायचं, काकू उद्याच्या डब्यांची यादी मनात म्हणतात. कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते, ओसरली की चालत जायचं. याच्या जोडीला घड्याळ. तासाला जात होत्या, पहिल्या आठवड्यात सव्वा तास, मग दीड, असं पंधरा पंधरा मिनिटांनी वाढवत अडीचतीन तासांपर्यंत. "उगाच जाऊन येते" बंद. चहा पाच कपांवरून दोनवर. पाणी मात्र तोडायचं नाही, काकू डबे पोचवून होईपर्यंत घोटभरही पीत नव्हत्या, त्यानं लघवी कडक होते आणि पिशवी आणखीच चिडते.

याला निदान सहा आठवडे द्यावे लागतात, आठ दिवसांत सोडून दिलं तर काही हाती लागत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर स्नायू शांत करणाऱ्या गोळ्या आहेत, सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन. पहिलीनं तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, काचबिंदूच्या काही प्रकारांत आणि लघवी तुंबत असेल तर ती चालत नाही, दुसरीत बीपी बघत राहावं लागतं. पाळी गेलेल्या बायकांना कधीकधी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीमही देतात. हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं.

(दृश्य: बाजार, रिक्षा स्टँड, एसटीचा थांबा.)

या दीड वर्षात काकूंनी एसटीनं माहेरी जाणं सोडलं, दोन लग्नं टाळली, आणि नको असलेल्या अँटिबायोटिकमुळे पोटातले जंतू औषधाला न जुमानणारे होऊ शकतात तो धोका वेगळाच.

(दृश्य: दवाखान्याचा बाहेरचा बाक.)

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काही असेल तर वही लिहीत बसू नका, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. लघवीतून रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, तपासणी हवीच. लघवी अडली, पाय बधिर झाले किंवा अशक्त झाले तरीही थांबू नका. पुरुषांमध्ये घाईमागं प्रोस्टेट असू शकतो, त्यांची तपासणी वेगळी. आणि बाकी वेळी कुणी लगेच अँटिबायोटिक लिहायला घेतलं तर पहिली गोळी घ्यायच्या आधी कल्चरचं सँपल देऊ का एवढं जरूर विचारा.

(दृश्य: वहीचं नवं पान.)

आठव्या आठवड्यातलं काकूंचं पान. दिवसात नऊ वेळा, रात्री एकदा. बहुतेक आकडे दोनशेच्या आसपास. गळणं आठवड्यातून एकदा अजून आहे, पावसात भिजून आलं की. डॉक्टरांनी अजून महिनाभर असंच चालू ठेवायला सांगितलंय, गोळीचं त्यानंतर बघू म्हणालेत.