केसाचं पांढरं टोक

हा कंगव्यात आलेला एक केस. जरा जवळून बघा, टोकाला बारीकसा पांढरा गोळा दिसतोय ना? हा दिसला की बहुतेकांच्या पोटात गोळा येतो, वाटतं केस मुळासकट गेला. पण केस तयार करणारं मूळ आत कातडीतच आहे, हा गोळा म्हणजे वाढ थांबलेल्या केसाचं मिटलेलं टोक.

केस या ताईंचा आहे. एप्रिलच्या सुरुवातीला पाच दिवस ताप, 103 च्या खाली येईना. त्यातून बऱ्या झाल्या, कामाला लागल्या, आणि जूनच्या मध्यावर न्हाणीघराच्या जाळीवर हा एवढा पुंजका! आठवडाभरापूर्वी शाम्पू बदलला होता, म्हणून सगळा दोष शाम्पूवर. ताप कुणाच्या डोक्यातच आला नाही, कारण त्याला तर दोन महिने होऊन गेले होते.

खरं तर त्या दोन महिन्यांतच सगळं आहे. एरवी डोक्यावरचे शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद केस वाढत असतात आणि बाकीचे विश्रांतीत, त्यामुळे रोज पन्नास ते शंभर गळतात आणि आपल्याला कळतही नाही. मोठा ताप आला की शरीर वाढीचं काम आवरतं घेतं आणि बरेच केस एकाच वेळी विश्रांतीत जातात. पण ते लगेच पडत नाहीत, दोन-तीन महिने तसेच डोक्यावर टिकून असतात, मग खालून नवा केस उगवायला लागला की जुना सुटतो, आणि सगळे एकदमच थांबलेले म्हणून सगळे एकदमच सुटतात, कधी दिवसाला तीनशेपर्यंत. याला डॉक्टर टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात, टेलोजेन म्हणजे ही विश्रांतीची अवस्था.

बाळंतपणानंतरही असंच, फक्त सुरुवात वेगळी. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, त्यामुळे गळायचे केसही वाढतच राहतात, म्हणून तेव्हा केस दाट वाटतात. बाळ झालं की इस्ट्रोजेन झपकन उतरतं आणि हे थांबून राहिलेले केस एकदम विश्रांतीला जातात. म्हणून बाळ तीन महिन्यांचं होतं तेव्हा आईच्या उशीवर केसच केस.

गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते, नाही थांबली तर डॉक्टर रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासतात. मात्र चट्ट्यासारखं टक्कल, टाळूला खाज-खपल्या किंवा दिवसेंदिवस रुंद होणारा भांग असेल तर कारण दुसरं असू शकतं, तेव्हा वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि हे ऑक्टोबरमधलं शूट. ताईंच्या कपाळाजवळ हे आखूड केस उभे राहिलेत, विंचरले तरी बसत नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, हे भरलेत तीन.