बोहारणीच्या गाठोड्यातलं इरकल

पुण्याचा जुना बाजार, रविवार सकाळ. घरोघरी स्टीलची भांडी देऊन बोहारणी जुने कपडे घेतात आणि त्यांची गाठोडी अशा बाजारांत सुटतात. या मावशींचे हात बघा. साडी पूर्ण न उलगडता त्या आधी घडीची रेष चाचपतात, कारण जुनं कापड पहिल्यांदा तिथेच विरतं. मग साडी उजेडासमोर धरतात. कापड जिथे विरळ झालंय, तिथून ऊन आरपार येतं. जुन्या साड्या ऑनलाइन विकणाऱ्याची अर्धी मेहनत या मावशींनीच केलेली असते, म्हणून आम्ही कॅमेरा त्यांच्यावरच जास्त वेळ ठेवलाय.

ही मरून नऊवारी इरकल. लाल-पांढरा टोपपदर रेशमाचा आहे. त्याचा एक धागा जाळला, तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. इथेच नवखे विक्रेते ‘प्युअर सिल्क’ लिहून मोकळे होतात. पण इरकलीत पदराचा ताणा वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. अंगातला उभा धागा काढून जाळला, तर जळक्या कागदाचा वास येतो, म्हणजे सूत. काठाचा धागा वितळून कडक मणी झाला, तर तो कृत्रिम धागा. म्हणून तिन्ही ठिकाणचे धागे तपासायचे, आणि मगच विक्रीच्या जाहिरातीचं शीर्षक लिहायचं.

ई-बेवर शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे. या साडीसाठी ते असं लिहिलं:

Vintage Ilkal Saree Cotton Body Silk Pallu Maroon 9 Yard Nauvari Used

‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द कुणी शोधत नाही. शोधतात ते प्रकार, कापड, रंग आणि लांबी.

फोटो खिडकीजवळ, दिवे बंद करून काढायचे. पिवळ्या दिव्याखाली मरून विटकरी दिसतो आणि ‘रंग वेगळा आला’ म्हणून साडी परत येते. पदर, काठ, पूर्ण लांबी, आणि ही विरलेली जागा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. हा फोटो टाळलात, तर गिऱ्हाईक पैसे परत मागतं आणि परतीचा खर्चही विक्रेत्याच्याच माथी येतो.

आता पार्सल. बऱ्याच कुरियर कंपन्या वजनासोबत आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार, भागिले ५०००. साडी ६०० ग्रॅमची असली, तरी ३० बाय २५ बाय १० च्या खोक्यात तिचे दीड किलोचे पैसे लागतात. तीच सपाट घडी करून ३ सेंटिमीटर उंचीच्या पाकिटात बसवली, तर आकारमानाचं वजन साडेचारशे ग्रॅम निघतं आणि आकारणी साडीच्या खऱ्या वजनावर होते. आधी सावलीत वारा द्यायचा, डांबराच्या गोळ्यांचा वास जाईपर्यंत. मग आतून प्लास्टिक, बाहेरून जाड पाकीट. परदेशी पाठवायचं, तर निर्यातीचा आयईसी क्रमांक आधी काढून ठेवावा लागतो.